पडद्यांच्या दुकानातून कुत्र्याच्या कोपऱ्यापर्यंत: आमची वाटचाल

डोंबिवलीत आमचं दुकान पडद्यांचं आणि सोफ्याच्या खोळींचं. २०२० नंतर गिऱ्हाइकं एक वेगळीच मागणी घेऊन यायला लागली: घरात कुत्रं आणलंय, त्याला गादी शिवून द्या. सोबत मोबाइलवर फरच्या गोल गादीचा फोटो. दिसायला छानच, पण ती एकसंध शिवलेली. धुवायला टाकली की पाणी पिऊन इतकी जड होते की घरगुती मशीनचा ड्रम नीट फिरत नाही. आतलं फायबर गोळा होतं आणि पावसाळ्यात ती वाळेपर्यंत कुबट वास धरते. तेव्हा आम्ही एकच नियम केला. जे कापड जुलैमध्ये पंख्याखाली एका रात्रीत वाळत नाही, ते जनावराच्या अंथरुणाला वापरायचं नाही. पुढचं सगळं काम या नियमातूनच आलं.

एक घर सांगते. वन बीएचके, माणसं चार आणि अठरा किलोचा देशी कुत्रा चिकू. काकूंचं म्हणणं, गॅलरीत ठेवू. पण गॅलरीत पावसाची झड येते आणि चिकूला माणसं दिसायला हवीत, नाहीतर तो येऊन सोफ्यावरच बसणार. शेवटी हॉलमधल्या कपाटाच्या नि खिडकीच्या मधली जागा निवडली: दोन बाजूंना भिंत, येण्याजाण्याची वाट नाही. रुंदी ७० सेंटीमीटर, लांबी १३० भरली. चिकू पाय पसरून झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजला, ७५ आला. त्यात १५ वाढवून गादी ९० बाय ६० ठरवली. पुढे उरलेली जागा भांड्यांना.

आत ४ इंच जाडीचा, ४० डेन्सिटीचा फोम. कुत्रं बसताना-उठताना कोपरावर भार देतं, त्यामुळे मऊ फोम तिथे लवकर बसतो. मूठ दाबून पाहायची: खालची लादी हाताला लागली तर फोम गेला. फोमला आधी पाणी न शिरणाऱ्या कापडाची आतली खोळ. ती मशीनमध्ये टाकायची नाही, नुसती पुसायची. तिच्यात पाणी साचून राहतं आणि स्पिनला मशीन धडाधडा हलतं. तिच्यावर बाहेरची खोळ घट्ट विणीच्या सुती ड्रिलची. कापण्याआधी ड्रिल भिजवून वाळवून घेतो. पाच टक्के आटलं तरी ९० सेंटीमीटरमागे साडेचार सेंटीमीटर जातात, आणि मग पहिल्या धुण्यानंतर खोळ चढता चढत नाही. चेन लांब बाजूला, वर झाकणपट्टी, रनर आत दडवलेला, कारण चिकूला रनर चघळायला फार आवडतो. टॉवेलसारखं कापड आम्ही टाळतो, त्याच्या फासांत नखं अडकतात. मखमलीत केस रुततात. (मखमल मागणारे अजून येतात. आम्ही शिवून देत नाही, भांडण झालं तरी.)

सगळ्यात वर जुन्या सुती साडीची दोन पदरी गोधडी. आठवड्याला धुवायची ती हीच. खोळ दोन-तीन आठवड्यांनी काढली तरी चालते. गोधड्या दोन आणि खोळीही दोन लागतात. धुण्याआधी कोरड्या ब्रशने केस काढायचे, नाहीतर ते ओले होऊन कापडात गुंततात आणि मशीनची जाळी तुंबते. कुत्रं मुतलं तर आधी साधं थंड पाणी, मग साबण. ब्लीच अजिबात नको: मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो.

गादी थेट लादीवर ठेवली तर पावसाळ्यात खालून ओल धरते, म्हणून सुताराकडून दोन इंच उंच लाकडी पट्ट्यांची चौकट करून घेतली. हवा खालून खेळते आणि केरसुणीही जाते.

जेवणाचा भाग गादीच्या तोंडाशी, पण थोडं अंतर सोडून. चिकू पाणी पिताना निम्मं बाहेर सांडतो. तिथे कड असलेला सिलिकोनचा मॅट आणि त्यावर खाली रबरी कडं असलेलं स्टीलचं भांडं, म्हणजे भांडं सरकत नाही आणि सांडलेलं पाणी मॅटवरच राहतं. मुंग्यांचा उपाय काकूंनीच केला: दुधाच्या पातेल्याला करतात तसा, परातीत पाणी आणि मधे खाण्याचं भांडं. आम्ही एवढंच बजावलं की परातीतलं पाणी रोज बदला, डासांची अंडी घरात नकोत.

आता मांजरवाल्यांचीही कामं येतात. त्यांची जागा लहान असली तरी शी-शूसाठी माती भरलेला ट्रे जेवणापासून लांबच ठेवावा लागतो, जवळ ठेवला तर मांजर खाणं तरी सोडतं नाहीतर ट्रे तरी. आणि कोपरा पुसायला फिनाइल वापरू नका, हे आम्ही माप घेतानाच सांगतो. त्यातलं फिनॉल मांजराला बाधतं, आणि पंजे चाटून ते पोटात जातं.