मोटर जळाली नव्हती

विश्रामबागच्या घरी, पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. ऐन लग्नसराईत एका सकाळी मोटरचं बटण दाबलं आणि मशीन एकदम पूर्ण वेगात सुटलं. माझा पाय पायडलवर नव्हताच. फुटाखाली बाही लावून ठेवली होती, ती फराफरा ओढली गेली. बटण बंद करेपर्यंत खाली धाग्याचा गोळा झाला होता.

आधीचे दहा-बारा दिवस मशीन आचके देत होतं. कधी पाय दाबला तरी सुरूच व्हायचं नाही. चाक हातानं जरा फिरवलं की चालू. पट्टा ढिला पडला असेल म्हणून मी तो आवळला आणि काम रेटत राहिले.

एका दुकानात दाखवलं. "मोटर जळाली, नवी घ्या," असं उत्तर मिळालं. पूर्ण वेगानं पळणारी मोटर जळालेली कशी, हे मला पटेना. मिरजेला माझा भाचा मोटर भरायचं काम करतो, त्याला बोलावलं.

तो आला तो साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब आणि होल्डर घेऊन. "मावशी, आधी पायडल बिघडलंय की मोटर, ते बघू." त्यानं मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरी सोडवल्या आणि मोटरच्या जागी बल्ब जोडला. एलईडी बल्ब इथं चालत नाही, त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं. पायडल चांगलं असेल तर पाय न लावता बल्ब विझलेला राहतो आणि दाबत जाऊ तसा हळूहळू उजळतो. आमचा बल्ब प्लग लावताच लख्ख पेटला. दोष पायडलमध्ये होता.

प्लग भिंतीतून उपसून बाजूला ठेवला आणि मगच झाकण उघडलं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आत २३० व्होल्ट खेळतात. आत छोट्या पाटीवर तीन पायांचा काळा ट्रायॅक होता. आपण जसं दाबू तशी थोडी-जास्त वीज मोटरला सोडायचं काम तो करतो. तो शॉर्ट झाला की सगळीच वीज जाते आणि मशीन पळत सुटतं. भाच्यानं पाटीवरच्या इतर भागांमुळे फसायला नको म्हणून तो आधी सोल्डर काढून बाहेर घेतला. पहिल्या दोन पायांना मीटर लावलं तर ते वाजलं. तिथं वाजायला नको. गणपती पेठेतून त्याच नंबरचा, बीटी १३६, नवा आणला. (जुन्या कार्बन चकत्यांच्या पायडलमध्ये ट्रायॅक नसतो, तिथं चिकटलेले पॉइंट किंवा शॉर्ट झालेला कपॅसिटर बघावा लागतो.)

झाकण लावूनच पुन्हा बल्ब जोडला. आता तो विझलेला होता आणि पायाबरोबर संथपणे उजळत गेला, कुठंच फडफडला नाही. मी मोटर जोडली, तर आचके होतेच!

"बल्ब सरळ चालतो आणि मोटर आचके देते, म्हणजे आता दोष मोटरचा," भाचा म्हणाला. "आणि तो ठेवला तर नवा ट्रायॅकपण जाईल."

मोटरच्या दोन्ही बाजूंची टोपणं काढून कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, बाहेर घेतले. एक सेंटीमीटरभर शिल्लक होता, दुसरा झिजून जेमतेम चार मिलिमीटर, तोही एका कोपऱ्यात तुटलेला. स्प्रिंग त्याला पुरती दाबतच नव्हती. म्हणून ठिणग्या, म्हणून आचके, आणि चाक फिरवलं की कार्बनखाली कॉम्युटेटरची, म्हणजे कार्बन घासतात त्या तांब्याच्या फिरत्या कड्याची, दुसरी पट्टी येऊन मोटर सुरू व्हायची. कॉम्युटेटर काजळलेला होता. बारीक काचकागदाची अरुंद पट्टी भोकातून घालून तो हलक्या हातानं पुसला. काळा एमरी कागद वापरायचा नाही, त्याची पूड पट्ट्यांमध्ये अडकून राहते. दोन्ही कार्बन नवे बसवले.

मग पट्टा काढून चाक हातानं फिरवलं, तर ते जड! शटलमध्ये अडकलेला धागा आणि वाळलेलं तेल काढल्यावर ते सैल झालं. वरून मी पट्टा आवळलेला. हा सगळा भार मोटरवर आणि मोटरमधून ट्रायॅकवर पडत होता. आता मध्यावर बोटानं दाबल्यावर सेंटीमीटरभर आत जाईल इतकाच पट्टा ताणला.

नवे कार्बन बसायला पंधरा मिनिटं कापडाशिवाय, पट्टा लावूनच, मंद चालवलं. पट्टा काढून मोटर जोरात पळवायची नाही. भार नसला की तिचा वेग फार चढतो. सुरुवातीला मोटरच्या खिडकीतून निळ्या ठिणग्या दिसत होत्या, त्या हळूहळू बारीक झाल्या. कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं राहिलं असतं किंवा जळका वास आला असता, तर मात्र आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, नव्यानं भरावा लागला असता.

संध्याकाळी ती बाही उसवली, कापड वाचलं होतं. एकेक टाका मोजत, पाय नुसता टेकवून, पुन्हा बसवली.