मशीनचा आवाज बदलला तेव्हा

शुक्रवार, रात्री

आज लॅबमधलं रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज मध्येच खडखडायला लागलं. मी मशीन बंद केलं, पण ते थांबताच नव्या टेक्निशियनने झाकण अर्धवट उघडलंही. आत काच आणि रक्त दिसताच त्याने ते लगेच लावून घेतलं. फिरताना नळी फुटली की रक्ताचे डोळ्यांना न दिसणारे थेंब आतल्या हवेत तरंगत राहतात. ते खाली बसावेत म्हणून झाकण अर्धा तास बंद ठेवायचं असतं. आम्ही सगळे बाहेर आलो आणि दारावर पाटी लावली.

तो अर्धा तास सगळ्यात कामाचा ठरला. यादीशी ताडून पाहिलं, तर फुटलेली नळी हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णाची निघाली. पोराचा चेहरा उतरला. ग्लोव्ह आणि बाही यांच्यामधल्या मनगटावर त्याला एक थेंब दिसला होता आणि तो त्याने साबण-पाण्याने धुतलाही होता. किती सांडलं, हे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. रक्त शरीरात जाईल अशी वाट होती का, ते विचारायचं. काच टोचली का? नाही. डोळ्यांत, तोंडात काही उडालं का? चष्मा आणि मास्क दोन्ही होते. मनगटावर ओरखडा, पुरळ? उजेडात नीट पाहिलं, कातडी अखंड होती. लस झालेली होती आणि नंतरच्या तपासणीत अँटीबॉडी १० mIU/mL च्या वर, म्हणजे संरक्षण होतं. त्याच रुग्णाचा एचआयव्ही रिपोर्ट यायचा होता, पण अखंड कातडीवरच्या थेंबासाठी एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं सुरू करत नाहीत. टोचलं असतं तर मात्र रिपोर्टची वाट न बघता लगेच सुरू करावी लागली असती, कारण ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. तरी नोंद केली. उद्या शंका आली तर आठवणीवर कोण विसंबणार?

मग सफाई. जाड रबरी ग्लोव्हज घालून काच चिमट्यानेच उचलली आणि कडक डब्यात टाकली. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण, मशीनमधल्या नळ्या ठेवायच्या बकेटना आणि त्यांना फिरवणाऱ्या रोटरला लावलं नाही, ते धातू खातं. त्यांना मशीनच्या पुस्तिकेतलं जंतुनाशक वापरलं, मग पाण्याने पुसून कोरडं केलं. टेबलावरच्या थेंबांवर आधी टिपकागद ठेवला आणि त्यावर कडेकडून आत ताजं १ टक्क्याचं हायपो ओतलं. आमच्याकडचं मूळ द्रावण ५ टक्क्यांचं, म्हणून एक भाग त्याचं, चार भाग पाणी. सकाळचं द्रावण उघडं राहिलं होतं, ते फेकून दिलं.

नळी का फुटली तेही सापडलं. त्या बकेटच्या तळाची रबरी गादी कडक झाली होती आणि तिच्यात जुन्या काचेचा कण रुतला होता. बाकीच्या गाद्या काढून पाहिल्या, आणखी दोन तशाच. नव्या येईपर्यंत त्या बकेट बाजूला काढल्यात. वॉर्डला पुन्हा नमुना घ्यायला सांगितलं, तर सिस्टर वैतागल्याच.