आमची वाटचाल: लोगोच्या आधीचे प्रश्न

आमचा स्टुडिओ सुरू झाला तेव्हा आम्ही फक्त लोगो करायचो. क्लायंट यायचा, कंपनीचं नाव आणि आवडते रंग सांगायचा, आम्ही तीन पर्याय ठेवायचो, त्यातला एक ठरायचा. आता बराचसा वेळ लोगोच्या आधीच्या चौकशीत जातो: ग्राहक कोण आणि त्याने हेच का घ्यावं, म्हणजेच ब्रँड स्ट्रॅटेजी. असं का झालं, हे आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्या डिझाइनच्या एका विद्यार्थिनीने अगदी खोदून खोदून विचारलं. तिची आणि आमची ही प्रश्नोत्तरं म्हणजेच आमच्या कामाची गोष्ट आहे.

लोगो खरंच उत्तम असेल, तर कच्ची ब्रँड स्ट्रॅटेजी तो थोडी तरी सावरून घेणार नाही का?

हे तपासायचं तर ज्याच्या लोगोबद्दल फारसं दुमत नाही असं उदाहरण घ्यायला हवं. आम्ही नेहमी नेक्स्टचं घेतो.

स्टीव्ह जॉब्स १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडले आणि त्यांनी नेक्स्ट ही संगणक कंपनी काढली. १९८६ मध्ये लोगोसाठी त्यांनी पॉल रँड यांना गाठलं. आयबीएमचा लोगो याच रँड यांचा. त्यांनी १,००,००० डॉलर घेतले आणि पर्याय न देता एकच लोगो केला. थोडा कललेला काळा घन, त्यावर दोन ओळींत रंगीत चार अक्षरं, त्यातला ‘ई’ तेवढा छोट्या लिपीतला. सोबत एक पुस्तिका होती. घन का, अक्षरं दोन ओळींत का, ‘ई’ वेगळा का, हे सगळं तिच्यात पायरीपायरीने मांडलं होतं. संगणक बाजारात यायच्या कितीतरी आधी कंपनीची ओळख तयार होती. आजही डिझाइनच्या वर्गात हा लोगो दाखवतात, आणि तो दाखवावा असाच आहे.

मग कंपनी का चालली नाही?

त्यांनी आपला ग्राहक ठरवला होता: विद्यापीठं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. विद्यापीठांना संशोधनाला पुरेल असा ताकदवान, पण विद्यार्थ्याच्या आवाक्यातला संगणक हवा होता. किंमत ३,००० डॉलरच्या आसपास असावी, अशी अपेक्षा होती. ऑक्टोबर १९८८ मध्ये नेक्स्टने संगणक सादर केला, तेव्हा विद्यापीठांसाठीची किंमत होती ६,५०० डॉलर. प्रिंटर त्यात धरलेला नव्हता.

हा फरक कुठून आला ते बघ. बाहेरचं कवच मॅग्नेशियमचं होतं. जुळणीसाठी यंत्रमानवांचा कारखाना उभारला होता. फ्लॉपी ड्राइव्हऐवजी ऑप्टिकल ड्राइव्ह होता. तो नवा होता, पण संथ, आणि विद्यार्थ्यांना आपापसात फाइल द्यायची तर साधी फ्लॉपी चालतच नव्हती. असा एकेक निर्णय वेगळा घेतला तर धाडसी वाटतो. पण ‘विद्यार्थ्याला परवडणारा’ या एका वाक्याशी ताडून पाहिलं की त्यातले बरेच निर्णय उलट दिशेने जाताना दिसतात. पुढच्याच वर्षी हाच संगणक ९,९९९ डॉलरला कंपन्यांना विकायचा प्रयत्न झाला. तिथे सन मायक्रोसिस्टिम्ससारख्या कंपन्यांची वर्कस्टेशन्स, म्हणजे कामासाठीचे ताकदवान संगणक, आधीपासून होती. ती सोडून नेक्स्ट का घ्यावं, याचं सरळ उत्तर त्या ग्राहकाला मिळत नव्हतं. एकूण साधारण ५०,००० संगणक विकले गेले आणि १९९३ मध्ये कंपनीने संगणक बनवणं थांबवलं.

म्हणजे संगणकच वाईट होता?

नाही, आणि आम्हाला हे उदाहरण आवडतं ते त्यामुळेच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर याच संगणकावर लिहिला. नेक्स्टचं सॉफ्टवेअर इतकं चांगलं होतं की १९९६ च्या अखेरीस ॲपलने कंपनी विकत घ्यायचं ठरवलं आणि पुढे मॅकची नवी प्रणाली त्यावरच उभी राहिली. लोगो उत्तम होता, तंत्रज्ञानही उत्तम होतं. हे नेमकं कोणासाठी, कोणत्या किमतीला आणि दुसरं काही सोडून हेच का घ्यायचं, याचा मेळ मात्र बसलेला नव्हता. लोगो पाहून ‘हे कोणाचं आहे’ ते कळतं. ‘हेच का घ्यावं’ हे लोगो सांगत नाही. खुद्द रँड यांचंही म्हणणं होतं की लोगोला अर्थ येतो तो ज्या वस्तूचं तो चिन्ह आहे तिच्या दर्जातून. उलटं होत नाही.

मग लोगोवर एवढी मेहनत कशाला घ्यायची?

कारण ओळख हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. ती मोडली की काय होतं ते ट्रॉपिकानाने २००९ मध्ये अमेरिकेत पाहिलं. संत्र्यात खोचलेली स्ट्रॉ हे त्यांच्या खोक्यावरचं जुनं चित्र काढून तिथे रसाच्या पेल्याचं चित्र आलं, नावाची अक्षरंही बदलली. रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला जुनं खोकं परत आणावं लागलं. फडताळासमोर उभ्या असलेल्या माणसाला नेहमीची खूण सापडत नव्हती, इतकं साधं कारण. चांगला लोगो माणसाला पुन्हा तुमच्यापर्यंत आणतो, पण पहिल्यांदा घेण्याचं कारण आधीच असावं लागतं. डिझाइनमुळे असलेली विक्री पडू शकते. नसलेलं कारण मात्र त्यातून उगवत नाही. या विषमतेबद्दल आमच्या धंद्यात फारसं कोणी बोलत नाही, कारण बोललं तर फी कशाची मागायची हा प्रश्न येतो.

क्लायंट लोगो मागायला आला, तर दुखणं दुसरीकडे आहे हे कसं ओळखता?

आम्ही त्याला एक वाक्य लिहायला सांगतो: आमचा ग्राहक कोण, तो आज काय वापरतो आणि ते सोडून आमच्याकडे का येईल. मग त्या वाक्यात त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव घालून वाचतो. वाक्य तितकंच खरं वाटलं, तर स्ट्रॅटेजी अजून ठरलेली नाही असं समजायचं. ‘दर्जेदार सेवा, वाजवी दर, ग्राहक हेच दैवत’ हे कोणालाही चिकटतं.

दुसरं म्हणजे सोडून गेलेल्या ग्राहकांना फोन. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणारी एक कंपनी आमच्याकडे नव्या लोगोसाठी आली होती. जुना लोगो जुनाट दिसतो म्हणून विक्री अडली, असं त्यांचं ठाम मत. लोगो जुनाट होता हे खरंच. पण आम्ही फोन केले तेव्हा लोगोचं नाव कोणी काढलं नाही. चाचणीपुरतं सॉफ्टवेअर घेतलेल्यांपैकी बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडलं होतं: आधीच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणणं फार किचकट होतं. त्यांनी आधी ते काम हातात घेतलं. जुन्या नोंदी आम्ही आणून देऊ, हेच त्यांचं वेगळेपण ठरलं. लोगो त्यानंतर केला, तोही जुन्यातली ओळखीची खूण न काढता.

आणि क्लायंट म्हणाला, ‘हे सगळं नको, फक्त लोगो द्या’, तर?

असे क्लायंट येतातच. त्यांना आम्ही लोगो करून देतो, पण ब्रीफमध्ये स्पष्ट लिहितो की या कामातून ओळख सुधारेल, विक्रीचा प्रश्न यात धरलेला नाही. चौकशीची फी आणि लोगोची फी आम्ही वेगळी लावतो. काही जण हे वाचून दुसरीकडे जातात. काही जण सही करण्याआधी त्याच ओळीवर बोट ठेवून विचारतात, ‘मग विक्रीचा प्रश्न कशात धरलाय?’ तिथून पुढे चौकशीचं बोलणं सुरू करायला आम्हाला वेगळी प्रस्तावना लागत नाही.