शिकागोतील गणेश चतुर्थी

नुकत्याच शिकागोला गेलेल्या लेकीने आज फोनवर गणपती कधी बसवायचा हे विचारले आणि मी कोथरूडच्या घरातील दिनदर्शिका पाहून बुधवार, २७ ऑगस्ट २०२५ असे सांगून टाकले. ते चुकले होते.

चतुर्थी आपल्याकडे २६ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास लागते आणि २७ ला पावणेचारच्या सुमारास संपते. गणपतीसाठी मध्यान्हीची तिथी धरतात, म्हणून पुण्यात बुधवार. शिकागो साडेदहा तास मागे असल्याने तेथे ती बुधवारी पहाटेच सरते, त्यामुळे प्रतिष्ठापना मंगळवारीच करायला हवी. तिला आता लेमाँट येथील हिंदू मंदिराचे स्थानिक पंचांग पाहायला सांगितले आहे. महाराष्ट्र मंडळांचे उत्सव बहुधा सोयीच्या शनिवार-रविवारी होतात. त्यांची तारीख घरच्या पूजेची समजू नये.