पाल्यासकट वजन

शेतकऱ्याकडून दर शनिवारी येणारी भाजीची पेटी आज आली आणि मी आधी वजनकाटा काढला. ४५० रुपये, भाजी बरोबर ५ किलो. मंडईच्या भावाने हिशोब केला तर ३२० रुपये. म्हणजे १३० रुपये जास्त!

आई मुळे निवडत होती. म्हणाली, "पाल्यासकट मोजलंस ना? मग पाला टाकून कसा देतोस?"

मुळा ९०० ग्रॅम होता. पाला कापून पुन्हा ठेवला, तर ५२०. गेले तीन आठवडे हा पाला मी सरळ कचऱ्यात टाकत होतो. दुधीही तिसऱ्यांदा आलाय, आणि मागचा अर्धा फ्रीजमध्ये मऊ पडलाय. (शेतात वेल जोरात असला की पेटीत दुधीच येणार, तो काय करेल?)

उलट मंडईतली मेथी दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. पेटीतली पहाटे खुडलेली असते, कपड्यात गुंडाळली की चार दिवस टिकते. तिची एकही काडी वाया गेली नाही.

मग भाव पेटीत आलेल्या किलोंवर काढायचा की ताटात गेलेल्या?

आज पाल्याची भाजी आहे, पीठ पेरून. दुधीचं काय करू, सांगा.