टाचेत पाणी

रात्री अडीचला पत्र्यावर टपटप सुरू झाली आणि मी उठून बसलो. डिसेंबरात पाऊस! सकाळी आठला पहिली मॅच होती.

आमचं ग्राउंड म्हणजे कापणी झालेलं भाताचं शेत. पिचवर ताडपत्री होती, त्यामुळे पिच वाचलं. पण गोलंदाज जिथे पाय आपटतो ती जागा उघडी राहिली होती, आणि खरा घात तिथेच होतो. भाताची माती लबाड असते. उन्हाची तिरीप आली की वरून सुकल्यासारखी दिसते, खाली मात्र चिखल तसाच. म्हणून मी टाच रोवून बघतो. खड्ड्यात पाणी झिरपलं तर मॅच नाही. साडेसहाला टाच रोवली, पाणी आलं. वखारीतून दोन गोणी भुसा मागवला आणि हिशेबाला बसलो.

आठ टीम, बाद फेरी, म्हणजे सात मॅच. सहा ओव्हरची मॅच पंचावन्न मिनिटं खाते. साडेअकराला सुरू केलं तर फायनल सहाला पाच मिनिटं कमी असताना संपणार, आणि सहाच्या सुमारास तर सूर्य बुडतो. संधिप्रकाशात उंच उडालेला टेनिस बॉल शोधायचा कोणी? फायनल सोडून बाकी सगळ्या पाच ओव्हरच्या केल्या. मॅचमागे आठ मिनिटं, अशी अठ्ठेचाळीस मिनिटं वाचली. फायनल पाचच्या पुढेमागे आटपेल.

आता कप्तानांना कळवायचं. 'थोडं उशिरा' असं लिहायचं नाही, हे मी एका वर्षी शिकलोय. त्या 'थोडं'चे आठ जणांनी आठ अर्थ लावले होते. ग्रुपवर लिहिलं: 'ग्राउंड ओलं आहे. आठची मॅच साडेअकराला. दहा वाजता पुन्हा बघून पक्कं सांगतो.' खाली टाचेच्या खड्ड्याचा फोटो. तरी प्रत्येकाला फोन केलाच. लांबून टेम्पोने येणाऱ्यांना मागची वेळ दिली आणि गावातल्या टीमला पहिली. त्यांचा कप्तान लगेच उसळला, "भाऊ, ओल्यात आम्हीच का? बॉल भिजून जड होणार, सिक्स जाणार कसा?" बोलणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "समोरच्यालाही तोच बॉल आहे रे. आणि तुझं घर बांधापलीकडे, तुला पहाटे निघायचं नव्हतं."

एका टीमने ग्रुप बघितलाच नाही, फोनही लागला नाही. आठला टेम्पो हजर, बॅटा खांद्यावर, तोंडात वडापाव. कप्तान तरातरा माझ्याकडे आला. मी काहीच बोललो नाही, रनअपकडे बोट केलं. त्याने जाऊन टाच रोवली, खाली बघितलं. मग घास गिळून विचारलं, "फावडं कुठाय?"