क्यूचा बाण कुणीकडे? आर्किटेक्चर डायग्राम काढतानाचा माझा अनुभव

26 बाणांपैकी एका बाणाने माझे तीन दिवस खाल्ले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तोच सांगतो.

आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात दूध संकलनाचं सॉफ्टवेअर बनवतो. गावातल्या केंद्रावर सभासद दूध घालतो, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, दर लागतो, दहा दिवसांनी बिल निघतं. या सगळ्याचा एक थरांचा नकाशा डेकमध्ये एका स्लाइडवर हवा होता. वरच्या थरात तीन ॲप: केंद्राचं, संघाच्या ऑफिसचं आणि सभासदाचं. त्याखाली गेटवे, त्याखाली चार सर्व्हिसेस (सभासद, संकलन, दर, बिल), आणि तळाला पोस्टग्रेस डेटाबेस, रेडिस आणि रॅबिटएमक्यूची क्यू, म्हणजे निरोपांची रांग. उजवीकडे बाहेरची दोन माणसं म्हणावी तशी, बँक आणि एसएमएस कंपनी. एकूण 13 चौकोन. draw.io मध्ये चौकोन मांडायला तासभरसुद्धा लागला नाही.

अडलं ते संकलन, क्यू आणि बिल यांच्यामध्ये. संकलन सर्व्हिस प्रत्येक नोंदीचा निरोप क्यूत टाकते, हा बाण सरळ आहे. क्यू आणि बिल यांच्यातला बाण मात्र मी क्यूकडून बिलकडे काढला आणि आमच्यातल्या एकाने तो उलटा करायला सांगितला. त्याचं म्हणणं, "क्यू कुणाला हाक मारत नाही, बिल सर्व्हिसच जाऊन क्यूला जोडून घेते." ते खरंच आहे. रॅबिटएमक्यूमध्ये निरोप घेणारा स्वतः जोडणी उघडतो आणि मग त्या उघड्या जोडणीवरून क्यू त्याच्याकडे निरोप ढकलते. मी बाण उलटा केला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बघितलं आणि विचारलं, "बिलमधून क्यूत काय जातंय हे?" काहीच जात नव्हतं. पुन्हा फिरवला. तिसऱ्या दिवशी दोघंही माझ्या खुर्चीमागे उभे, आणि दोघंही बरोबर.

मग एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच ठरवायला हवी होती. आमच्या चित्रात बाणाला एकच अर्थ नव्हता. ॲपकडून गेटवेकडे जाणारा बाण म्हणजे 'कोण कुणाला विचारतो', आणि क्यूपाशी आलेला बाण म्हणजे 'माहिती कुठे जाते'. गेटवेकडून ॲपकडे परत येणारे बाणही मी काढले होते, कारण उत्तर परत येतंच की. म्हणजे एकाच पानावर दोन भाषा चालल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेला कुठली लावायची ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

शेवटी असं ठरलं: सलग रेघ म्हणजे इकडच्याने तिकडच्याला विचारलं आणि उत्तर येईपर्यंत तो थांबला. बाण विचारणाऱ्याकडून निघतो. उत्तर येणारच, म्हणून परतीचा बाण काढायचा नाही. तुटक रेघ म्हणजे निरोप टाकून दिला, टाकणारा थांबत नाही, आणि तिथे बाण निरोपाच्या दिशेने. म्हणून क्यूकडून बिलकडे तुटक बाण. जोडणी कोण उघडतं हा प्रश्न खरा असला तरी तो या स्लाइडचा नाही, त्याची जागा फायरवॉलच्या नकाशात. स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात इंचभर लांबीच्या दोन रेघा काढून हा नियम लिहून टाकला आणि वाद तिथेच थांबला. दोन ओळींचं काम, पण तीन दिवस घेऊन झालं.

नियम ठरल्यावर मोजणीही बदलली. परतीचे 7 बाण गेले, 26 चे 19 झाले. गेटवेकडून चारही सर्व्हिसेसना चार बाण जात होते. ते काढून गेटवेकडून सर्व्हिसेसच्या अख्ख्या थराच्या चौकटीला एकच बाण जोडला. चार सर्व्हिसेसकडून पोस्टग्रेसकडे जाणाऱ्या चार बाणांचंही तसंच. उरले 13. पण इथे जपून. थराला एक बाण तेव्हाच जोडायचा, जेव्हा त्यातला प्रत्येक चौकोन खरोखर ते काम करतो. दराची सर्व्हिस फक्त रेडिसमधूनच वाचते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून मी कोड उघडून बघितला. दराचा तक्ता पोस्टग्रेसमध्येच आहे, रेडिसमध्ये त्याची कॅश. मगच एक बाण ठेवला. एसएमएस मात्र चारांपैकी दोनच सर्व्हिसेस पाठवतात, संकलन आणि बिल. तिथे थराचा एक बाण काढला असता तर ते खोटं झालं असतं. त्यामुळे संकलनपासून निघून दर आणि बिलच्या खालून उजवीकडे जाणारा एक लांबलचक बाण राहिला, आणि तो मला शेवटपर्यंत खुपला.

सर्व्हिसेसचा क्रमही बाण बघूनच लावा. आधी माझ्याकडे डावीकडून संकलन, सभासद, दर, बिल असा क्रम होता, त्यामुळे संकलनकडून दरकडे जाणारा बाण सभासदवरून उडी मारत होता. संकलन दोघांनाही विचारतं, म्हणून त्याला दोघांच्या मधे बसवलं. दोन्ही बाण बोटभर लांबीचे झाले. बिल उजव्या टोकाला, कारण बँक उजवीकडे.

आता बाण वाकडे का येतात ते. गेटवेचा चौकोन थराएवढा रुंद असतो आणि वरचं ॲप अरुंद. बाण चौकोनाच्या आत कुठेही नेला की draw.io अख्खी कड निळी करतं. याचा अर्थ तिथे सोडलेला बाण सुटा जोडला जाणार, तो कडेवर कुठे टेकायचं ते स्वतः ठरवणार. रुंद चौकोनात तो बरेचदा मध्याकडे वळतो आणि मधेच पायरी पडते. कडेवरच्या छोट्या फुलीवर सोडला तर ती जागा हिरवी होते आणि बाण तिथेच पक्का बसतो. मी आधी हाताने कोपरे ओढत बसलो. एक चौकोन सरकला की सगळं पुन्हा बिघडायचं. तसं करू नका. उलट फुल्या कुठे पडतात ते बघून चौकोनच त्यांच्यावर आणा.

आमचे आकडे सांगतो, कारण ते नेमके जुळले. 16:9 ची पॉवरपॉइंट स्लाइड 13.33 इंच रुंद, म्हणजे 960 पॉइंट. म्हणून draw.io मध्येही चित्राची रुंदी 960 धरली. असं केलं की चित्र स्लाइडच्या पूर्ण रुंदीत बसवल्यावर तिथला 14 चा फॉन्ट स्लाइडवरही 14 चाच दिसतो. ग्रिड 10 चं बदलून 15 केलं. थराची चौकट 30 पासून 750 पर्यंत, रुंदी 720. त्यात 150 रुंदीच्या चार सर्व्हिसेस, मधे 30 ची फट: डाव्या कडा 45, 225, 405, 585. गेटवेही 720 रुंद, त्याच्या वरच्या कडेवरच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण जागच्या फुल्या 210, 390 आणि 570 वर पडतात. तीन ॲप 150 रुंदीची, त्यांचे मध्य तिथेच यायला हवेत, म्हणून त्यांच्या डाव्या कडा 135, 315 आणि 495. सगळे आकडे 15 च्या पाढ्यातले. तिन्ही बाण ओळंब्यासारखे सरळ उतरले आणि मला मनापासून बरं वाटलं.

पहिल्या ॲपच्या बाणाची स्टाइल अशी आहे, बाण निवडून Edit Style मध्ये चिकटवा:

```
edgeStyle=orthogonalEdgeStyle;rounded=0;html=1;strokeWidth=1.5;endArrow=block;endFill=1;exitX=0.5;exitY=1;entryX=0.25;entryY=0;
```

`exit` म्हणजे निघण्याची जागा, `entry` म्हणजे पोचण्याची. 0 ते 1 मध्ये, X डावीकडून उजवीकडे, Y वरून खाली. तुटक बाणाला शेवटी `dashed=1;` जोडायचं, बाकी सगळं तेच.

चौकोनांबद्दल फार सांगायचं नाही. एक चौकोन मनासारखा करा, Set as Default Style दाबा, मग पुढचे काढा. हे मी उलट केलं आणि 13 चौकोनांना एकेक करून स्टाइल चिकटवत बसलो. थराला एक रंग, त्या थरातल्या सगळ्या चौकोनांना तोच. बाहेरच्या दोघांना राखाडी. रंग थरच सांगतो, दुसरं काही सांगत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: एसव्हीजी काढून पॉवरपॉइंटमध्ये टाकलं तेव्हा अक्षरं जागेवर नव्हती आणि खाली एक ओळ आली, `Text is not SVG - cannot display`. draw.io अक्षरं एचटीएमएलच्या रूपात ठेवतं, ती पॉवरपॉइंटला वाचता येत नाहीत. सगळे चौकोन निवडून Text पॅनेलमधल्या Word Wrap आणि Formatted Text या दोन्ही खुणा काढा, लांब नावं एंटर मारून स्वतः तोडा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा. आणखी एक, एक्स्पोर्ट करताना चित्र कडेपर्यंत कापलं जातं आणि 960 चं गणित मोडतं. म्हणून सगळ्यांच्या मागे 960 रुंदीचा, कड नसलेला पांढरा चौकोन ठेवा.

डेक दाखवायच्या आदल्या संध्याकाळी टीम लीड सरांनी स्लाइड मोठ्या पडद्यावर लावली. त्यांनी बोट ठेवलं ते त्याच लांब बाणावर. "ही सलग रेघ आहे. म्हणजे संकलन थांबतं?"

"हो सर, उत्तर येईपर्यंत."

"मग एसएमएसवाल्याचं सर्व्हर सकाळी सहाला बंद पडलं तर? केंद्रावर किटल्या घेऊन लोक रांगेत उभं असत्यात."

कोड बघितला. टाइमआउट 30 सेकंदांचा होता, म्हणजे प्रत्येक नोंदीला अर्धा मिनिट. एसएमएसही क्यूवरूनच पाठवायचे असं त्याच संध्याकाळी ठरलं. ते काम अजून चालू आहे, आणि स्लाइड आज जे आहे ते दाखवते, म्हणून तो बाण मी अजून सलगच ठेवलाय. काम झालं की तो निघेल, आणि संकलनपासून क्यूपर्यंत आधीच असलेल्या तुटक रेघेतच एसएमएसही जाईल.